गाडीत फोन घ्यायचे असतील तर आधी माइकचं बघा

प्रश्न: मी अमळनेरहून जळगावला रोज रेल्वेने अपडाऊन करतो. केळीच्या व्यापाऱ्याकडे ट्रक लावणं आणि भाव कळवणं हे काम आहे, त्यामुळे गाडीत बसल्यापासून फोन चालू होतात. नेकबँड वापरतो. मला समोरच्याचं नीट ऐकू येतं, पण समोरचा सारखा म्हणतो, ‘काय म्हनी ऱ्हायना भाऊ, समजी नही ऱ्हायनं.’ महागातले वायरलेस घेऊ की परत वायरवाले घेऊ?

उत्तर:

गाडीतल्या कॉलसाठी वायरवाले घ्या, तेही पाचशे ते हजारातले. नेकबँड फेकू नका, तो ऑफिसात आणि स्टेशनवर चालेल. महागातले वायरलेस घेण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. ते वाईट असतात म्हणून नव्हे. तुमची जी तक्रार आहे तिच्यावर त्या पैशातला फार थोडा भाग खर्च झालेला असतो म्हणून.

तुम्हाला ऐकू येतं आणि समोरच्याला येत नाही, म्हणजे कानातल्या स्पीकरचा इथे काही दोष नाही. दुकानात इअरफोन घेताना मात्र जवळपास प्रत्येक जण कानात घालून गाणं लावून बघतो, बास किती आहे ते पाहतो आणि पैसे देतो. माइक तपासून घेणारा गिऱ्हाईक मी क्वचितच पाहिला. दिवसाचे चार-पाच तास बोलण्यात घालवणाऱ्या माणसाने खरं तर उलट करायला हवं.

माइकच्या बाबतीत सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तोंडापासूनचं अंतर. बाकी सगळं त्याच्या खाली येतं. आवाजाचा साधा नियम असा की अंतर निम्मं केलं की माइकपर्यंत पोचणारा तुमचा आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो. डब्यातला गोंगाट मात्र चहूबाजूंनी येतो, त्यामुळे माइक थोडा इकडेतिकडे सरकवला तरी तो तेवढाच राहतो. आता तुमचा नेकबँड बघा. बहुतेक नेकबँडमध्ये माइक मानेवरच्या पट्टीच्या टोकाला असतो, म्हणजे गळ्याच्या हाडापाशी, तोंडापासून अंदाजे 20 सेंटीमीटर खाली. वायरवाल्याचा माइक हनुवटीजवळ लोंबतो. तो दोन बोटांनी उचलून ओठांच्या कडेला 5 सेंटीमीटरवर धरला, तर 20 चे 10 आणि 10 चे 5, असं अंतर दोनदा निम्मं झालं. म्हणजे 12 डेसिबलचा फायदा, तोही न ओरडता. तुमच्या आवाजात आणि गाडीच्या खडखडाटात एवढा फरक पडला की समोरच्याला खिडकीशेजारून नव्हे तर बंद खोलीतून बोलल्याचा भास होईल, असं मी म्हणणार नाही. पण शब्द कळायला लागतील.

कानात बसणाऱ्या सुट्या बड्सचा माइक कानापाशी असतो, म्हणजे तोंडापासून 10-12 सेंटीमीटरवर. नेकबँडपेक्षा हे बरं. पण अडचण अशी की तो तिथून पुढे आणता येत नाही. वायरवाल्याचा माइक हातात येतो, आणि गाडी गिरणेच्या पुलावर आली, समोरून दुसरी गाडी सुसाट गेली की तेवढ्यापुरता तो आणखी जवळ घेता येतो. ही सोय कुठल्याही किमतीच्या बड्समध्ये नाही.

आता तुम्ही म्हणाल की खोक्यावर तर मोठ्या अक्षरांत नॉइज कॅन्सलेशन लिहिलेलं असतं. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि विकणारेही त्या बेधडक एकत्र करतात. एएनसी हे तुमच्या कानासाठी असतं: बाहेरच्या गुरगुराटाच्या उलट लाटा तयार करून ते तुम्हाला शांतता देतं. समोरच्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. समोरच्यासाठी असतं ते ईएनसी. दोन किंवा जास्त माइक वापरून तोंडाच्या दिशेचा आवाज ठेवायचा आणि बाकीचा कापायचा, असं ते काम करतं. ऑफिसातला पंखा, रस्त्यावरची रहदारी, एवढ्यावर ते ठीक चालतं. उघड्या खिडकीच्या डब्यात मात्र वारा, चाकांचा खडखडाट, शेजारचे गप्पा मारणारे आणि ‘चाय चाय’ हे सगळं एकदम येतं. शेजारच्याचं बोलणंही शेवटी माणसाचंच बोलणं, ते काय कापायचं आणि काय ठेवायचं हे स्वस्तातल्या चिपला ठरवता येत नाही. मग ती गोंगाटाबरोबर तुमच्या शब्दांच्या कडाही कापते.

तुमच्या धंद्यात हे फार महागात पडू शकतं. ‘बाराशे सात’ आणि ‘बाराशे साठ’ घ्या. त आणि ठ यांतला एक मोठा फरक ठ सोबत सुटणाऱ्या श्वासाच्या छोट्या फटकाऱ्यात असतो. हा फटकारा क्षणभराचा, बारीक आणि सुरसुरणारा असतो, थेट वाऱ्याच्या आवाजासारखा. ईएनसी त्याला वारा समजून काढून टाकतं. स, श, ख, छ यांचंही तेच. स्वर मोठे आणि ठसठशीत असतात म्हणून समोरच्याला वाटतं की आवाज तर येतोय, पण कळत का नाही. ‘आवाज येत नाही’ आणि ‘समजत नाही’ या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. तुमच्याकडची दुसरी आहे.

ब्लूटूथचा आणखी एक भाग आहे तो थोडक्यात सांगतो. गाणं ऐकताना ब्लूटूथ एका पद्धतीने चालतं आणि कॉल लागला की दुसऱ्या. गाण्यात आवाज फक्त फोनकडून कानाकडे जातो, म्हणून सगळी जागा त्यालाच मिळते. कॉलमध्ये माइकचा आवाज उलटा यायचा असतो, म्हणून दोन्हीकडचा आवाज दाबून अरुंद केला जातो. जुन्या पद्धतीत तो साध्या लँडलाइनसारखा सुमारे 300 ते 3400 हर्ट्झमध्ये बसवतात, नव्या पद्धतीत साधारण 7000 पर्यंत जातो. फोरजीवरचा एचडी कॉलही साधारण 7000 पर्यंतच जातो, त्यामुळे नेकबँड नव्या पद्धतीचा असेल तर इथे फार नुकसान नाही. जुन्या पद्धतीचा असेल तर नेटवर्कने दिलेला चांगला आवाज तो पुन्हा अरुंद जागेत कोंबतो. खोक्यावर हाय-रेझ वगैरे जे लिहिलेलं असतं ते बहुधा गाण्याच्या पद्धतीबद्दल असतं, कॉलशी त्याचा संबंध नाही. वायरला ही भानगडच नाही.

पण खरेदीला निघण्याआधी दोष नक्की कशात आहे ते ओळखा, कारण तीन वेगवेगळे आजार सारखेच वाटतात. समोरच्याला सतत घों-घों ऐकू येतं आणि त्याखाली तुम्ही पुसट बोलताय असं वाटतं, तर माइक लांब आहे. गोंगाट कमी वाटतो पण शब्दांची सुरुवात आणि शेवट गायब होतात, आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो, तर ते ईएनसीचं काम. आणि मध्येच अर्धं वाक्य पूर्ण गायब, मग एकदम दोन शब्द पळत आल्यासारखे, तर ते नेटवर्क. दोन स्टेशनांच्या मध्ये शेतांतून गाडी जाताना टॉवर बदलतात, तिथे हे होतंच. त्यावर कुठलाही इअरफोन औषध नाही. हे तिसरं तुमच्याकडे असेल तर पैसे खर्चू नका, आधी शेजारच्या सीटवरच्या दुसऱ्या कंपनीच्या सिमवर कॉल कसा चालतो ते बघा.

तपासायची माझी पद्धत साधी आहे. घरातल्या कुणाला तरी वही-पेन घेऊन बसवा. धावत्या गाडीतून त्यांना फोन लावा आणि वीस आकडे एकेकदाच, नेहमीच्या वेगात सांगा. आकडे मुद्दाम फसवे निवडा: सात, साठ, पासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट, त्रेपन्न, त्रेसष्ट, एकोणसाठ, एकोणसत्तर. ‘काय म्हणालास?’ असं विचारायची त्यांना परवानगी नाही, जे ऐकू येईल ते लिहायचं. आधी नेकबँडवर, मग वायर लोंबती ठेवून, मग माइक तोंडापाशी धरून. आकड्यांचा क्रम दर वेळी बदला, नाहीतर घरचे पाठच करतील. आणि तिन्ही वेळा गाडी धावत असली पाहिजे, धरणगावला थांबलेल्या गाडीतून केलेली परीक्षा खरी नाही. फोनमधल्या रेकॉर्डरवर स्वतःचा आवाज तपासायच्या नादी लागू नका. ब्लूटूथ जोडलेलं असतानाही बरीच रेकॉर्डर अ‍ॅप फोनचाच माइक वापरतात आणि तुम्ही तिसऱ्याच माइकची परीक्षा घेत बसता.

पाचोऱ्याहून येणारे एक औषध कंपनीचे प्रतिनिधी माझ्याकडे असेच आले होते. दोन्ही बाजूंना दोन-दोन माइक असलेले बड्स घेतले होते आणि तरी डॉक्टरांचे कंपाउंडर त्यांचं ऐकून भलतीच संख्या लिहीत होते. त्यांना ही आकड्यांची परीक्षा करायला सांगितली. वही घेऊन आले तेव्हा गंमत दिसली. बड्सवर चुकलेले आकडे जवळजवळ सगळे ‘सष्ट’वाले होते; पासष्टचं सदुसष्ट, त्रेसष्टचं बासष्ट. ‘चाळीस’, ‘ऐंशी’, ‘नव्वद’ मात्र एकदाही चुकले नव्हते, कारण तिथे ओळखायला मोठे, वेगवेगळे स्वर आहेत. म्हणजे आवाज पोचत होता, त्याच्या कडा जात होत्या. वायर लोंबती ठेवली तेव्हा घरच्यांनी शेजारी ‘गडगड फार आहे’ असं लिहिलं होतं आणि चुका सगळीकडे विखुरलेल्या होत्या. माइक तोंडाशी धरल्यावर गडगड तशीच होती, पण आकडे बरोबर होते. मला यातली शेवटची गोष्ट महत्त्वाची वाटते. समोरच्याला गाडीचा आवाज ऐकू आला तर बिघडत नाही, माणसाचा कान तो बाजूला सारतो. तुमचे शब्द शाबूत पोचले पाहिजेत. ईएनसी नेमकं उलटं करतं: गाडी पुसते आणि शब्दही थोडे पुसते.

वायरवाला घेताना आधी तुमच्या फोनचं भोक बघा. गोल 3.5 मिलीमीटरचं असेल तर काम सोपं. फक्त प्लगवर तीन काळ्या रिंगा आहेत का ते मोजा. दोनच असतील तर त्यात माइक नाही, नुसतं गाणं ऐकता येईल. फोनला फक्त टाइप-सी असेल तर थेट टाइप-सी प्लगचा इअरफोन घ्या, ज्यात आवाजाची चिप इअरफोनमध्येच असते. गोल प्लगचा जुना इअरफोन शंभर रुपयांच्या जोडणीवर लावायचा मोह आवरा. त्या जोडण्या दोन प्रकारच्या असतात. एकीत चिप असते आणि दुसरीत नुसत्या तारा. नुसत्या तारांची जोडणी काहीच फोनांवर चालते. एकात चालली म्हणून दुसऱ्यात चालेलच असं नाही, आणि कधी कधी ऐकू येतं पण माइकच जात नाही. गोलाणी मार्केटमध्ये घेत असाल तर दुकानातच तुमच्या फोनला लावून कुणाला तरी कॉल करा आणि माइकच्या भोकावर हलकेच नख घासा. समोरच्याला खरखर ऐकू आली तर इअरफोनचाच माइक चालू आहे. नाही आली तर फोनचा माइक चालू आहे आणि तुम्हाला काही कळलेलंच नाही.

माइक धरायचीही एक रीत आहे. बटणाच्या डबीवर टाचणीएवढं भोक असतं, काहींत ते मागच्या बाजूला असतं. ते आधी शोधा. डबी चिमटीत दाबू नका, नाहीतर भोक बुजतं किंवा बटण दाबून कॉल कटतो. डबीच्या खालची वायर धरा. माइक ओठांच्या बरोबर समोर नको, कडेला धरा, कारण समोर धरला तर ‘भाव’मधला भ आणि ‘फोन’मधला फ फुंकरीसारखा माइकवर आदळतो आणि समोरच्याला फट्ट असा आवाज येतो. खिडकीच्या बाजूने वारा येत असेल तर त्या बाजूचा तळहात आडोशासारखा करा. आणि जमलं तर खिडकीचीच जागा सोडा. आतल्या जागेवर बसल्याने जे होतं ते इअरफोन बदलूनही होत नाही. हात मोकळा हवा असेल तर कॉलरला छोटा चिमटा लावून माइक हनुवटीखाली घट्ट बसवता येतो. तोंडापाशी धरण्याइतका फायदा नाही, पण शर्टावर घासून जी खसखस होते ती थांबते. ‘वायरवर आवाज खराब येतो’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत निम्म्यांची भानगड ही खसखसच असते.

टाइप-सी वायरवाल्याचा एक तोटा मान्य केला पाहिजे: कॉल चालू असताना त्याच भोकातून फोन चार्ज होत नाही. दोन भोकांचे फाटे मिळतात, पण त्यात बिघाड फार. घरून बॅटरी भरून निघा. वायर तुटते ती बहुधा प्लगच्या मुळाशी, म्हणून काटकोनी प्लग मिळाला तर बघा आणि फोनभोवती गुंडाळून खिशात कोंबू नका.

तुम्हाला रोज बसायला जागा मिळते असं धरून मी हे लिहितोय. उभं राहून यावं लागत असेल, एक हात वरच्या कडीला आणि दुसऱ्यात पिशवी, तर वायर कुणाच्या तरी बॅगेत अडकून कानातून ओढली जाणार, आणि माइक धरायला तिसरा हात नाही. अशा माणसाला मी वायर सांगणार नाही. त्याने बड्सच घ्यावेत आणि एकच कानात घालावा, खिडकीपासून लांबच्या बाजूचा. फोन शर्टाच्या खिशात ठेवावा. ब्लूटूथच्या लहरी अंगातल्या पाण्यात शोषल्या जातात, त्यामुळे उजव्या कानात बड आणि डाव्या मागच्या खिशात फोन असला की गर्दीत आवाज तुटतो. बड्स घेताना खोक्यावरचे तास गाण्याचे असतात हे लक्षात ठेवा. कॉलमध्ये माइक आणि चिप दोन्ही राबतात, त्यामुळे बॅटरी बरीच लवकर संपते. तुमच्यासारख्याला त्या बाबतीत नेकबँडच बरा, त्याची बॅटरी मोठी असते. आणि आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. मे महिन्यात 44-45 अंशांत स्टेशनबाहेर उभ्या केलेल्या मोटारसायकलच्या डिक्कीत बड्सची डबी दिवसभर ठेवली तर ती छोटी बॅटरी लवकर म्हातारी होते. वायरवाल्यात बॅटरीच नाही, तो डिक्कीत पडून राहिला तरी चालतो.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण डब्यातले बाकीचे लोक नक्की विचारतील. दोन्ही कानांत रबरी बोळे घट्ट बसले की स्वतःचं बोलणं स्वतःला बाहेरून ऐकू येत नाही, डोक्यात घुमतं. मग माणूस नकळत ओरडायला लागतो आणि अख्ख्या डब्याला केळीचा भाव कळतो. एक कान मोकळा ठेवला की आवाज आपोआप खाली येतो. मोकळ्या कानात गाडीचा गोंगाट येतो हे खरं, पण म्हणून दुसऱ्या कानातला आवाज शेवटपर्यंत वाढवत नेऊ नका. बोळ्यांचे दोन-तीन आकार खोक्यात येतात, त्यातला नीट बसणारा निवडलात तर कमी आवाजातही ऐकू येतं. पायऱ्या टाळून रुळांवरून पलीकडे जाणारे बरेच आहेत, तेव्हा मात्र एकही कानात नको. विजेवरची गाडी जवळ येईपर्यंत फारशी वाजत नाही.

भावाबद्दल एवढंच की इअरफोन कितीही चांगला असला तरी आकडा एकदाच सांगून सोडू नका. ‘बाराशे साठ, सहावर शून्य’ असं अंक सुटे करून सांगा, समोरच्याकडून उलट म्हणवून घ्या, आणि फोन ठेवल्यावर तोच आकडा आणि ट्रकचा नंबर लिहून पाठवा. पाळधी सोडल्यावर जळगाव येईपर्यंत तेवढा वेळ मिळतो.